मास्कचा काठ

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात बोदलकसा नावाचा तलाव आहे. टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालून अडवलेले पाणी, भोवती जंगल, शेजारी नागझिऱ्याचे अभयारण्य आणि हिवाळ्यात येणारे स्थलांतरित पक्षी, यामुळे इथे कॅमेरा घेऊन येणाऱ्यांची कमी नसते. समजा, पाळीजवळून काढलेला असा एक सकाळचा फोटो आपल्यासमोर आहे. खाली काठावरचे गवत, मग बारीक लाटांचे पाणी, पलीकडच्या काठावर झाडांची गडद रांग, वर फिकट आकाश. गवतात दोन लोखंडी पायांवर उभी असलेली सूचनांची पांढरी पाटी मात्र नेमकी पाण्यावर आली आहे. ती काढायची आहे. चित्र भरून काढणाऱ्या एआयला पाटीवर मास्क रंगवून दिला की काही सेकंदांत पाटी नाहीशी होते आणि तिच्या जागी पाणी येते. ते पाणी वाईट नसते. लाटा असतात, रंगही जवळपास बरोबर असतो. तरीही फोटो पाहणाऱ्याची नजर तिथेच अडखळते, कारण पाटी गेली असली तरी तिचा आकार गेलेला नसतो. पाण्यावर एक चौकट राहते, कधी रेषेसारखी, कधी धुरकट पट्ट्यासारखी, तर कधी नुसता उजेड बदलल्यासारखी.

हा दोष मास्कचा काठ मऊ केला की जातो, असे सर्रास सांगितले जाते. काठ मऊ करणे म्हणजे फेदर: मास्क काठाशी पांढऱ्यावरून काळ्यावर एकदम न जाता राखाडी छटांमधून उतरतो आणि त्या राखाडी पट्ट्यात नवे व जुने चित्र मिसळते. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे, आणि त्या अर्ध्या सल्ल्याने जितके फोटो सुधारतात तितकेच बिघडतात. फेदर हा शिवण झाकण्याचा उपाय आहे. शिवण पडते की नाही, हे त्याआधीच दोन गोष्टींनी ठरलेले असते. मास्क वस्तूच्या बाहेर किती वाढवला ही पहिली, आणि मास्कभोवतीचे किती चित्र यंत्राला पाहू दिले ही दुसरी. दोन्हींना पॅडिंग म्हणण्याची पद्धत असल्यामुळे गोंधळ होतो, म्हणून इथे पहिलीला वाढ म्हणू आणि दुसरीला पॅडिंग. या प्रकरणाचे म्हणणे असे की आधी वाढ, मग पॅडिंग, आणि फेदर सगळ्यांत शेवटी, तोही जमेल तितका अरुंद.

पाण्याचा तुकडा तयार होताना आत काय घडते ते आधी पाहू. ऑगस्ट 2022 मध्ये खुले झालेले स्टेबल डिफ्यूजन आणि त्याच वळणाची इतर मॉडेले फोटोच्या पिक्सेलांवर थेट काम करत नाहीत. आधी एक संकेतक फोटोला लहान, दाट स्वरूपात आणतो. प्रत्येक बाजू आठपट लहान होते, म्हणजे 512 बाय 512 पिक्सेलांचे चित्र 64 बाय 64 घरांच्या जाळीत मावते. पुसणे आणि भरणे या जाळीवर होते आणि शेवटी विसंकेतक त्या जाळीतून पुन्हा पूर्ण चित्र उलगडतो. यातून दोन परिणाम निघतात. पहिला म्हणजे, जाळीचे एक घर फोटोतल्या आठ बाय आठ पिक्सेलांचे असल्याने तुम्ही कितीही काटेकोर मास्क रंगवलात तरी भरणाऱ्याच्या लेखी त्याचा काठ आठ पिक्सेलांहून बारीक नसतो. दुसरा म्हणजे, लहान करून पुन्हा मोठे केलेले चित्र मुळाशी तंतोतंत जुळत नाही. मास्कच्या बाहेरही, जिथे काही बदलायचेच नव्हते तिथे, गवताची पाती किंचित वेगळी होतात आणि आकाशाचा रंग एखाद-दुसऱ्या पातळीने सरकतो. म्हणून चांगली साधने शेवटी मूळ फोटोच परत आणतात आणि मास्कच्या आतला भाग तेवढा नव्यातून घेतात. प्रत्येक पिक्सेलचा हिशेब असा असतो: मास्कची किंमत गुणिले नवे, अधिक एक वजा ती किंमत गुणिले जुने. शिवण या बेरजेत जन्मते.

आता पाटीच्या कडेवर ही बेरीज करून पाहू. उजेड 0 ते 255 या पट्टीवर मोजला तर पांढरी पाटी 230 च्या आसपास आणि मागचे पाणी 70 च्या आसपास धरू. फरक 160 पातळ्यांचा झाला. मास्क पाटीच्या कडेला अगदी चिकटून रंगवला आणि त्याला फेदर दिला, तर फेदर काठाच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरतो आणि नेमक्या कडेवर मास्कची किंमत निम्मी होते. म्हणजे तिथे निम्मे नवे पाणी आणि निम्मी जुनी पाटी. कडेच्या आतल्या बाजूला पाटीचा 80 पातळ्यांचा अंश परत येतो आणि आत जाताना हळूहळू विरतो. पाण्यावर जी धुरकट पांढरी चौकट दिसते ती हीच. वापरणाऱ्याला वाटते फेदर कमी पडला, म्हणून तो वाढवतो. फेदर जितका रुंद तितकी जुनी पाटी आणखी आतपर्यंत परत येते. फोटो बिघडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे, आणि ते फेदरच्या अभावाने नव्हे, तर फेदर चुकीच्या जागी दिल्याने घडते.

उपाय म्हणजे राखाडी पट्टा पाटीपासून दूर न्यायचा, पूर्णपणे पाण्यावर आणि गवतावर. रफूगर भोकाच्या कडेपासून टाका घालत नाही. शाबूत कापडात बोटभर मागे जाऊन सुरुवात करतो, कारण कडेचे धागे कमजोर असतात. इथे किती मागे जायचे ते गणिताने सांगता येते. अनेक साधनांत फेदर गाउसच्या घंटाकार वक्राने दिला जातो आणि दिलेला आकडा त्या वक्राचा सिग्मा असतो. मास्क चारही बाजूंनी 32 पिक्सेल वाढवून 12 सिग्माचा फेदर दिला, तर पाटीची खरी कड नव्या काठापासून 2.67 सिग्मा आत येते. तिथे मास्कची किंमत साधारण 0.996 असते, म्हणजे जुन्या पाटीचा अंश 0.4 टक्के. 160 च्या फरकाचे 0.4 टक्के म्हणजे पाऊण पातळीहूनही कमी, जे डोळ्याला दिसत नाही. वाढ तीच ठेवून फेदर 16 केला तर कड दोन सिग्मावर येते, अंश सव्वादोन टक्क्यांच्या आसपास जातो आणि पाण्यावर साडेतीन पातळ्यांचा ठसा राहतो. गडद, एकसारख्या पाण्यावर तेवढाही पुरतो. म्हणून वाढ फेदरच्या सिग्माच्या किमान अडीचपट असावी, हा नियम हाताशी ठेवायला सोपा आहे. साधनाने आपोआप केलेल्या मिश्रणावर विसंबायचे नसेल तर हे काम पायथनच्या पिलो या ग्रंथालयात सात ओळींचे आहे:

```python
from PIL import Image, ImageFilter
old = Image.open("old.png").convert("RGB")
new = Image.open("new.png").convert("RGB")
m = Image.open("mask.png").convert("L")
grown = m.filter(ImageFilter.MaxFilter(65))   # चारही बाजूंनी 32 पिक्सेल
soft = grown.filter(ImageFilter.GaussianBlur(12))
Image.composite(new, old, soft).save("out.png")
```

यात `new.png` हे वाढवलेल्या मास्कनेच भरून घेतलेले चित्र हवे. मूळ चिकट मास्कने भरून घेतले आणि फक्त मिसळताना मास्क वाढवला, तर वाढीचा काही उपयोग होत नाही. वाढीचे दुसरे कारण त्यातच आहे, आणि माझ्या मते ते पहिल्याहून मोठे आहे. मास्क चिकट असेल तर पाटीच्या कडेचे दोन-तीन पिक्सेल, लोखंडी पायाची चमक किंवा गवतावरची सावली बाहेर उरते. माणसाला ती क्षुल्लक वाटते. भरणाऱ्या मॉडेलसाठी तो सज्जड पुरावा असतो. पांढरी सरळ कड किंवा मालक नसलेली सावली दिसली की तिथे काहीतरी उभे आहे असा अंदाज ते बांधते आणि पाण्याऐवजी नवा खांब, नवी पाटी किंवा काठावर बसलेला एखादा माणूस काढून देते. त्यात आठ पिक्सेलांच्या घराची भर पडते. कडेवरच्या घरात पाटी आणि पाणी दोन्ही मिसळलेले असतात आणि ते घर मास्कबाहेर राहिले तर पाटीचा रंग जाळीत टिकून राहतो. तेव्हा पाटी काढायची म्हणजे तिची सावली आणि पायाशी दबलेले गवतही काढायचे. सावली विसरल्यामुळे फसलेली दुरुस्ती फेदरने सुधारत नाही, कितीही मऊ केली तरी. कॉम्फीयूआयच्या `VAE Encode (for Inpainting)` या घटकात `grow_mask_by` नावाची सोय असते आणि तिची मूळ किंमत 6 पिक्सेल असते. लहान चित्रासाठी ती कामचलाऊ आहे. चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोत सहा पिक्सेल म्हणजे पाटीच्या पायाच्या जाडीपेक्षाही कमी भरतील.

आता पॅडिंग. आपला फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलांचा आहे आणि मॉडेल 1024 च्या चौकोनात उत्तम काम करते असे धरू. संपूर्ण फोटो त्या चौकोनापर्यंत लहान केला तर पाटीच्या जागी आलेले पाणी नंतर जवळपास सहापट ताणावे लागेल आणि मेणचट दिसेल. म्हणून साधने मास्कभोवतीचा तुकडा कापतात, मॉडेलच्या मापाला आणतात, भरतात आणि परत बसवतात. तुकडा कापताना मास्कच्या सीमेबाहेर किती पिक्सेल घ्यायचे ते पॅडिंग ठरवते. ऑटोमॅटिक1111 या बहुवापरातल्या साधनात `Only masked padding, pixels` ही किंमत मुळात 32 असते. सावलीसकट आणि वाढीसकट आपला मास्क 420 रुंद आणि 600 उंच आहे असे समजू. 32 च्या पॅडिंगने तुकडा 484 बाय 664 होतो आणि चौकोन करून 664 बाय 664. मॉडेलला दिसते ते एवढेच: दोन्ही बाजूंना थोडे पाणी, वर 32 पिक्सेल पाणी, खाली गवताची कड. पलीकडची झाडांची रांग मास्कच्या माथ्यापासून 120 पिक्सेल वर असेल तर ती तुकड्यात येतच नाही. मग हे पाणी किती लांब पसरले आहे, उजेड कुठून येतो, झाडांचे गडद प्रतिबिंब कुठपर्यंत उतरते, हे मॉडेलला कळायला मार्ग नाही. ते तुकड्याच्या आत एक स्वतंत्र, छोटा तलाव रचते. त्यातल्या लाटा वर आणि खाली एकाच मापाच्या असतात, जिथे खऱ्या फोटोत त्या दूर जाताना बारीक होत जायला हव्यात. शिवाय 664 चा तुकडा 1024 पर्यंत वाढवून भरलेला असतो, म्हणून परत लहान केल्यावर तो भोवतालापेक्षा जास्त रेखीव दिसतो. शिवण इथे काठाला नसते. सगळा तुकडाच परका असतो.

मग पॅडिंग भरपूर द्यावे का? 800 दिले तर तुकडा 2020 बाय 2200 होतो, चौकोन 2200 चा. मॉडेलला झाडे, आकाश, पाळ सगळे दिसते आणि उजेडाचा अंदाज अचूक येतो. पण तो चौकोन 1024 मध्ये बसवायला निम्म्याहून लहान करावा लागतो आणि भरलेले पाणी परत येताना 2.15 पट ताणले जाते. लाटांच्या बारीक रेषा हरवतात आणि तीक्ष्ण पाण्यात एक मऊ डाग उरतो. म्हणजे पॅडिंगला दोन्हीकडून मर्यादा आहे, आणि योग्य किंमत या दोन मर्यादांतूनच काढता येते: पॅडिंगसकट तुकड्याची मोठी बाजू मॉडेलच्या मापाच्या जवळ यावी. इथे 200 दिले तर 820 बाय 1000 होतात, चौकोन 1000 चा. 1024 शी जवळजवळ एकास एक, आणि झाडांच्या रांगेचा तळ वरच्या कडेला 80 पिक्सेल दिसतो. प्रमाण जुळल्यामुळे नव्या पाण्याचा बारीकपणा जुन्याशी जुळतो, संदर्भ मिळाल्यामुळे उजेड जुळतो. पॅडिंगच्या मूळ किमतीला देव मानून बसणारे हा साधा भागाकार करत नाहीत, एवढेच. वस्तू फार मोठी असेल, म्हणजे मास्कच 1500 पिक्सेलांचा असेल, तर हा तोल साधत नाही. तेव्हा आधी लहान मापात एकदा भरून उजेड बसवायचा आणि मग त्या भरलेल्या जागेवर तुकड्या-तुकड्यांनी, मूळ रूप बरेचसे राखून, बारीक पोत आणायचा, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

वाढ आणि पॅडिंग नीट दिले की फेदरकडे उरते ते थोडेसेच काम. तरीही त्याची रुंदी किती, हा प्रश्न राहतो आणि त्याचे उत्तर पृष्ठभागावर अवलंबून आहे. 1983 मध्ये बर्ट आणि ॲडेलसन यांनी फोटो जोडण्यावर एक निबंध लिहिला, तो आजही या विषयाचा पाया आहे. त्यांचे निरीक्षण असे होते की मिश्रणाचा पट्टा चित्रातल्या तपशिलाच्या मापाचा हवा: सावकाश बदलणाऱ्या छटांसाठी रुंद, बारीक पोतासाठी अरुंद. एकच पट्टा दोन्हींना पुरत नाही, म्हणून त्यांनी चित्र जाड-बारीक थरांत फोडून प्रत्येक थर वेगळ्या रुंदीने मिसळला. बारीक पोतात रुंद पट्टा का चालत नाही, याला साधे कारण आहे. नव्या पाण्याच्या लाटा आणि जुन्या पाण्याच्या लाटा एकमेकींशी जुळलेल्या नसतात. दोन स्वतंत्र पोत निम्मे-निम्मे मिसळले की त्यांचे चढउतार एकमेकांना काही अंशी खोडतात आणि उठाव सुमारे 71 टक्क्यांवर येतो. परिणामी पट्ट्यात पाणी गुळगुळीत दिसते. रुंद फेदरने रेषा जाते, पण तिच्या जागी संथ पाण्याचा एक पट्टा येतो आणि तो पाटीच्या चौकटीचाच आकार घेऊन उभा असतो. कॅमेऱ्याचे दाणे, म्हणजे नॉइज, यांनाही हाच न्याय लागू होतो. नव्या तुकड्यात मुळात दाणे कमी असतात, पट्ट्यात उरलेलेही पुसट होतात. म्हणून बोदलकसाच्या लाटांवर फेदर 8 ते 12 पुरे. तोच मास्क निरभ्र आकाशावर असता तर 40 किंवा 60 दिला तरी बिघडले नसते, कारण तिथे खोडण्यासारखा पोतच नसतो आणि रंगातला एक-दोन पातळ्यांचा फरक रुंद पट्ट्यातच विरतो.

आकाशाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. उतार सरळ रेषेत दिला तर तो जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे डोळ्याला रेषा दिसते, पिक्सेलांत तिथे रेषा नसली तरी. एर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाने 1865 मध्ये हा दृष्टिभ्रम नोंदवला. उजेडाचा उतार एकाएकी बदलला की आपली दृष्टी तिथे पट्टा रचते. गाउसचा वक्र दोन्ही टोकांना हळुवार सपाट होतो, म्हणून तो सरळ उतारापेक्षा बरा.

यावर पहिला आक्षेप असा येऊ शकतो की एवढ्या कारागिरीची गरजच काय. काठावरचा रंग आपोआप जुळवणाऱ्या पद्धती आहेत. आहेत खऱ्या. 2003 मध्ये पेरेझ, गान्ये आणि ब्लेक यांनी मांडलेली प्वासाँची पद्धत रंगांऐवजी रंगांतले चढउतार जुळवते आणि काठावरच्या मूळ रंगांना धरून आतला सगळा तुकडा सावकाश सरकवते. उजेडाचा हलका फरक ती छान मिटवते. पण तिचा विश्वास काठावरच्या पिक्सेलांवर असतो. काठ पाटीच्या पांढऱ्या कडेवरून गेला असेल तर तो पांढरेपणा आत पाण्यात झिरपतो, म्हणजे वाढीची गरज इथेही तितकीच आहे, किंबहुना जास्त. आणि लाटांचे माप चुकलेले असेल किंवा दाणे नसतील तर त्याबाबत ही पद्धत काहीच करत नाही.

दुसरा आक्षेप अधिक ताजा आहे. आता पाटी काढ असे शब्दांत सांगितले की मॉडेल मास्कशिवाय पूर्ण चित्र नव्याने काढून देते, मग मास्कचा काठ हा जुन्या काळाचा प्रश्न नाही का? तसे चित्र शिवणीशिवाय येते हे मान्य. ते तसे येते कारण त्यातले काहीच मूळ राहिलेले नसते. पलीकडच्या झाडांची पाने, पाण्यावरचे पाणपक्षी, पाळीचे दगड, सगळे पुन्हा रंगवलेले असते, आणि सहसा मूळ चोवीस मेगापिक्सेलांहून बऱ्याच लहान मापात. दूर पोहणाऱ्या पक्ष्याची चोच किंवा पंखावरचा पट्टा अशा पुनर्लेखनात बदलला तर पक्षी ओळखणाऱ्यासाठी तो फोटो निकामी झाला. ज्याला पाटी काढायची आहे पण बाकी फोटो जसाच्या तसा हवा आहे, त्याला त्या नव्या चित्रातून फक्त पाटीची जागा उचलून मूळ फोटोत बसवावी लागते. म्हणजे मास्क परत आला, काठ परत आला, आणि वाढ व फेदरही.

तिसरा आक्षेप तंत्राचा नाही: शिवण अदृश्य करावी का? चित्रांचे जतन करणाऱ्यांमध्ये हा वाद जुना आहे. इटलीत चेझारे ब्रांडी यांच्या विचारातून आलेल्या रीतीत भरलेला भाग मुद्दाम बारीक उभ्या रेषांनी रंगवतात. दुरून चित्र अखंड दिसते, जवळ गेल्यावर दुरुस्ती ओळखू येते. ज्या फोटोचे काम पुरावा देणे आहे, म्हणजे पक्षीगणनेतली नोंद, पाण्याची पातळी किंवा तलावाच्या काठावरचे अतिक्रमण, त्यात पाटी काढण्याचाच प्रश्न येत नाही. तिथे पाटी हीसुद्धा माहिती असते. भिंतीवर लावायच्या चित्राची गोष्ट वेगळी, आणि तिथेही मूळ फाइल व मास्क जपून ठेवण्याला काही खर्च लागत नाही.

शिवण राहिली की नाही हे तपासायला डोळा एकाच अंतरावर ठेवून चालत नाही, कारण वेगवेगळे दोष वेगवेगळ्या अंतरावर दिसतात. फोटो पाव आकारात पाहिला की उजेडाचा फरक कळतो, डोळे किंचित मिटून पाहिले तर आणखी चटकन. दुप्पट आकारात पोताचा आणि दाण्यांचा फरक कळतो. कर्व्हमध्ये कॉन्ट्रास्ट जोरात ताणला तर दोन पातळ्यांची चौकटही उघडी पडते. त्याहून पक्की कसोटी आकड्यांची आहे. नवे चित्र मिसळण्याआधी मास्कच्या लगेच बाहेरचे एक कडे घ्यावे आणि त्यात नव्या व जुन्या चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांची सरासरी ताडून पाहावी. तिथे तर काही बदलायचे नव्हते. तरी नवे चित्र निळ्यात तीन पातळ्यांनी वर आले असेल तर ती संकेतक-विसंकेतकाची सरक आहे. ती संपूर्ण नव्या चित्रातून वजा करावी आणि मगच मिसळावे. यात फेदरला हात लावावा लागत नाही. दाणे कमी पडत असतील तर भोवतालच्या पाण्याइतके कृत्रिम दाणे तुकड्यावर टाकावेत, मिसळण्याआधी नव्हे तर मिसळल्यावर आणि मास्कच्याच प्रमाणात, नाहीतर पट्ट्यात ते पुन्हा खोडले जातात.

एवढे करूनही लाटांच्या पाण्यावर एखाद्या ठिकाणी पट्टा उरतोच. त्यावर एक निराळी वाट 2023 मध्ये लेव्हिन आणि फ्राइड यांनी डिफरन्शियल डिफ्यूजन या नावाने सुचवली आणि ती कॉम्फीयूआयसारख्या साधनांत आली आहे. आतापर्यंतच्या पद्धतीत भरण्याच्या वेळी मास्क होय किंवा नाही एवढेच सांगतो आणि राखाडी छटा शेवटच्या मिश्रणातच उपयोगी पडतात. इथे राखाडी छटा भरतानाच वापरल्या जातात: पूर्ण पांढऱ्या जागी सगळे नव्याने रचायचे, फिकट राखाडी जागी जुन्याचा ढोबळ आकार राखून बारीक तेवढे बदलायचे, गडद राखाडीत जवळपास हातच लावायचा नाही. त्यामुळे काठाजवळच्या नव्या लाटा जुन्या लाटांच्या शिरा पकडूनच वाढतात आणि दोन स्वतंत्र पोत एकमेकांवर येऊन खोडले जाण्याचा प्रसंग बराच टळतो. अशा वेळी राखाडी पट्टा 40 ते 60 पिक्सेलांचा दिला तरी पाणी गुळगुळीत होत नाही. मात्र राखाडी म्हणजे जुन्याचा आकार राखणे, म्हणून तो सगळा पट्टा पाटी आणि तिची सावली संपल्यानंतरच सुरू झाला पाहिजे. 60 पिक्सेलांचा पट्टा हवा असेल तर मास्क किमान तेवढा बाहेर न्यावा लागतो, आणि मास्क वाढला की तुकडाही वाढतो. 420 बाय 600 चा मास्क दोन्ही बाजूंनी आणखी 30 ने वाढून 480 बाय 660 झाला, तर 1024 च्या मापात राहण्यासाठी पॅडिंग 200 वरून 180 वर आणावे लागते. मास्कचा माथा तीस पिक्सेल वर सरकल्यामुळे झाडांच्या रांगेचे मात्र आता 80 ऐवजी 90 पिक्सेल दिसतात.